रविवारी तुटलेली सुई

११ सप्टेंबर २०१२ च्या संध्याकाळी कराचीच्या बल्दिया टाऊन भागातल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात आग लागली. अडीचशेहून अधिक कामगार दगावले. खिडक्यांना लोखंडी गज होते आणि बाहेर पडण्याचे दरवाजे बंद होते, त्यामुळे अनेक जण धुरात गुदमरून गेले. ही आग खंडणीसाठी लावली गेली होती, असा निकाल २०२० मध्ये कराचीच्या न्यायालयाने दिला. पण आग कुणीही लावलेली असो, दरवाजे उघडे असते तर मृतांचा आकडा इतका झाला नसता.

या कारखान्याचा सर्वांत मोठा ग्राहक होता किक ही जर्मनीतली स्वस्त कपड्यांची दुकानसाखळी. आगीच्या जेमतेम तीन आठवडे आधी कारखान्याला ‘एसए ८०००’ हे प्रमाणपत्र मिळाले होते. कामगारांची सुरक्षितता, वेतन, कामाचे तास हे सगळे ठीक आहे, असे सांगणारे हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. म्हणजे तपासणी झाली होती, कागद तयार होता आणि दरवाजे बंदच होते.

कपडे शिवून घेणारे परदेशी ब्रँड स्वतःचे कारखाने सहसा चालवत नाहीत. ते बांगलादेश, व्हिएतनाम, पाकिस्तान, भारत अशा देशांतल्या पुरवठादारांना ऑर्डर देतात आणि तिथल्या कामगारांना नीट वागवले जाते की नाही हे पाहायला तपासनीस पाठवतात. यालाच या धंद्यात ‘सोशल ऑडिट’ म्हणतात. तिरुप्पूरच्या बनियन-टीशर्टवाल्यांपासून सोलापूरच्या टॉवेल निर्यातदारांपर्यंत युरोप-अमेरिकेत माल पाठवू पाहणाऱ्या कुणालाही ते चुकत नाही. बहुतेक वेळा ऑडिटचा खर्च कारखानाच करतो, आणि कारखान्याला हवा असतो तो पुढची ऑर्डर मिळवून देणारा स्वच्छ अहवाल.

चारेकशे कामगारांच्या कारखान्यासाठी हे काम साधारण एका तपासनिसाचे दोन दिवसांचे, किंवा दोघांचे एका दिवसाचे असते. सुरुवातीला व्यवस्थापनाबरोबर बैठक होते. मग कटिंगपासून पॅकिंगपर्यंत फेरी, कागदपत्रांची छाननी, कामगारांच्या मुलाखती आणि शेवटी पुन्हा बैठक. या शेवटच्या बैठकीत सापडलेल्या त्रुटी वाचून दाखवल्या जातात आणि त्यावर कारखान्याची सही घेतली जाते.

फेरीत पाहायच्या गोष्टींची यादी लांबलचक असते. बाहेर पडायचे दरवाजे किती आहेत, ते बाहेरच्या बाजूला उघडतात का, जिन्यात मालाचे खोके रचलेत का, आगीची घंटा प्रत्येक मजल्यावर ऐकू जाते का, मशीनला सुईचे आणि पट्ट्याचे संरक्षक कवच आहे का, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, पाळणाघर. डोळ्यांना दिसणाऱ्या या गोष्टी तपासणे तुलनेने सोपे. मात्र ऑडिटची तारीख आधी कळलेली असली, तर जिना त्या दिवसापुरता मोकळा होतो. म्हणून अनेक ब्रँड ठरावीक तारीख कळवत नाहीत. या दोन-चार आठवड्यांत कधीही येऊ, एवढेच सांगतात. काही जण न कळवताच येतात.

खरी कसोटी लागते ती कामाचे तास आणि पगार तपासताना. बहुतेक ब्रँडांच्या आचारसंहितेत आठवड्याला ४८ तास नियमित काम, जास्तीत जास्त १२ तास ओव्हरटाइम आणि सात दिवसांतून एक सुट्टी असा दंडक असतो. भारतात ओव्हरटाइमचा दर कायद्यानेच दुप्पट आहे. काही कारखाने यातून पळवाट काढण्यासाठी दोन हजेरीपट ठेवतात. एक खरा, आणि दुसरा पाहुण्यांना दाखवायचा. दाखवायच्या हजेरीपटात प्रत्येक रविवार कोरा असतो.

हा बनाव उघडा पडतो तो कारखान्यातल्या इतर वह्यांमुळे. शिलाई मशीनची सुई तुटली, की तिचे सगळे तुकडे गोळा करून एका रजिस्टरमध्ये चिकटवायचे आणि पुढे तारीख, वेळ, मशीन क्रमांक लिहायचा, असा कपडे उद्योगातला कडक नियम आहे. सुईचा तुकडा कपड्यात राहून लहान मुलाला टोचू नये, यासाठी तो केलेला आहे. ही वही गुणवत्ता विभाग सांभाळतो. पगाराच्या हिशेबाशी तिचा संबंध नसल्याने ती कुणी ‘तयार’ करून ठेवत नाही. अनुभवी तपासनीस हीच वही मागतो. गेटवरचे आवक-जावक रजिस्टर, जनरेटरच्या डिझेलची नोंद आणि लाइनवरचे रोजचे तपासणी-पत्रकही तो पाहतो.

समजा, शर्ट शिवणाऱ्या ४२० कामगारांच्या एका कारखान्यात सुयांच्या वहीत महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी मिळून नऊ सुया तुटल्याची नोंद आहे. हजेरीपटात मात्र ते दोन्ही दिवस सुट्टीचे आहेत. तपासनीस शिलाईच्या लाइनवरच्या काही जणांशी वेगळ्या खोलीत, सुपरवायझर नसताना बोलतो. माणसे त्याने स्वतः निवडलेली असतात, व्यवस्थापनाने पुढे केलेली नव्हे. कंत्राटी आणि परगावहून आलेले कामगारही त्यात असतात. सगळे एकाच शब्दांत एकच उत्तर देऊ लागले, तर ते पढवलेले आहेत हे त्याला कळते. इथे मात्र हळूहळू खरे बाहेर येते. ६० जणांनी दोन्ही रविवारी आठ-आठ तास काम केले आणि त्याचे पैसे रोखीने, साध्या दराने मिळाले.

आता हिशेब मांडता येतो. सोयीसाठी दिवसाची मजुरी ५२० रुपये, म्हणजे तासाला ६५ रुपये धरू. कायद्याप्रमाणे तासाला १३० मिळायला हवे होते, मिळाले ६५. सोळा तासांचे प्रत्येकी १,०४० रुपये कमी. साठ जणांचे मिळून ६२,४०० रुपये देणे निघते. शिवाय बुडालेल्या साप्ताहिक सुट्ट्यांच्या बदल्यात सुट्ट्या द्यायला हव्यात.

बरीच ऑडिट बिघडतात ती याच्या पुढच्या टप्प्यावर, म्हणजे सुधारणा-आराखड्यात. प्रत्येक त्रुटीपुढे कारण, उपाय, जबाबदार व्यक्ती आणि मुदत लिहायची असते. घाईत कारणाच्या रकान्यात ‘माहितीचा अभाव’ आणि उपायाच्या रकान्यात ‘प्रशिक्षण दिले’ असे लिहिले जाते. प्रशिक्षणाचा एक फोटो पाठवला जातो आणि त्रुटी ‘बंद’ होते. रविवारचे काम चालूच राहते.

वरच्या उदाहरणात खरे कारण शोधायला गेले, तर ते कारखान्याच्या भिंतीबाहेर सापडू शकते. ब्रँडने नमुन्याला मंजुरी द्यायला ११ दिवस उशीर केला, पण माल जहाजावर चढवण्याची तारीख तीच ठेवली. उशीर झाला तर माल विमानाने पाठवायचा आणि भाडे कारखान्याने भरायचे. अशा वेळी मालक रविवार विकत घेतो. म्हणून आराखडा दोन्ही बाजूंना बांधणारा हवा. कारखान्याने फरकाची रक्कम ३० दिवसांत बँकेतून द्यावी आणि हजेरीची एकच नोंद ठेवावी. ब्रँडने मंजुरीला उशीर केला, तर पाठवणीची तारीखही तेवढीच पुढे सरकवावी.

पाठपुरावा करणाऱ्याने पुन्हा जाऊन पुढच्या तीन महिन्यांचे कागद पाहायला हवेत. पैसे जमा झाल्याचा पुरावा बँकेच्या उताऱ्यावर आणि कामगारांच्या तोंडून, दोन्हीकडून जुळायला हवा. एकदा पकडले गेलेले कारखाने सुयांच्या वहीतही हुशारी करू लागतात, रविवारच्या सुया सोमवारी चिकटवतात. तेव्हा सोमवारच्या नोंदी इतर दिवसांपेक्षा एकदम वाढलेल्या दिसतात. दरवाजांचेही असेच आहे. उघड्या दरवाजाचा फोटो दुपारचा असतो, कुलूप रात्रपाळीत लागते. चोरीची भीती हे त्या कुलपामागचे कारण असेल, तर आतून ढकलताच उघडणारी आणि उघडताच घंटा वाजवणारी कडी बसवणे हाच टिकणारा उपाय.

पाठपुराव्याला दात असले तर काय होते, हे बांगलादेशात दिसले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१३४ जणांचा बळी गेला. तिथल्या काही कारखान्यांचीही आधी सोशल ऑडिट झाली होती, पण इमारत किती पक्की आहे हे पाहणे त्यांच्या कक्षेतच नव्हते. त्यानंतर ब्रँड आणि कामगार संघटनांनी मिळून ‘अकॉर्ड’ हा करार केला. तो कायद्याने बंधनकारक होता. अभियंत्यांनी सोळाशेहून अधिक कारखाने तपासले आणि प्रत्येकाचा सुधारणा-आराखडा मुदतीसह सर्वांसाठी खुला ठेवला. कारखान्याच्या शब्दावर विसंबून कोणतीही त्रुटी बंद केली जात नव्हती, अभियंते पुन्हा जाऊन पाहत. मुदती सर्रास चुकल्या, पण काम थांबले नाही. काही वर्षांत सुमारे ९० टक्के त्रुटी दूर झाल्या. दुरुस्तीचा खर्च कारखान्याला पेलेल अशी व्यवस्था करण्याचे बंधन ब्रँडवर होते. ते पाळले नाही म्हणून कामगार संघटनांनी एका ब्रँडला लवादापुढे उभे केले आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याने २३ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

तरीही काही गोष्टी कोणत्याच वहीत सापडत नाहीत. तमिळनाडूत दिंडिगल जिल्ह्यातल्या नाची अॅपरेलमध्ये काम करणाऱ्या एका तरुण दलित कामगार महिलेचा जानेवारी २०२१ मध्ये खून झाला, तेव्हा तिथल्या लैंगिक छळाच्या तक्रारी जगापुढे आल्या. दोन दिवसांसाठी आलेल्या अनोळखी माणसाजवळ कोणती बाई हे बोलेल? एप्रिल २०२२ मध्ये महिलांचे नेतृत्व असलेल्या स्थानिक कामगार संघटनेने कंपनीशी करार केला. एच अँड एम, गॅप आणि पीव्हीएच या ब्रँडांनीही संघटनांशी करार करून त्याला बळ दिले. कामगारांमधूनच लक्ष ठेवणाऱ्या महिला नेमल्या गेल्या. पहिल्या वर्षी १८५ तक्रारी नोंदल्या गेल्या आणि तीन वगळता सगळ्या निकाली निघाल्या. इथे तपासनीस रोज त्याच लाइनवर बसत होता.

आपल्याकडचे जे कारखानदार, मर्चंडायझर किंवा कामगार प्रतिनिधी असे अहवाल हाताळतात, त्यांनी त्रुटींची संख्या पाहण्याआधी शेवटचे पान उघडावे. तिथे खरे कारण लिहिले आहे का, ब्रँडने काय करायचे ते नमूद आहे का आणि त्रुटी बंद करण्यापूर्वी कोण, कधी कारखान्यात जाऊन आले, हे तपासावे. यातले एकही उत्तर नसेल, तर तो अहवाल मान्य करू नये.