गच्चीवरची डिश, घरातला टीव्ही आणि मधली वीज

लोणावळा - वळवाच्या पावसानंतरच्या शनिवारी बंद बंगल्याचे कुलूप उघडले, की टीव्हीच्या पडद्यावर 'नो सिग्नल' ही अक्षरे दिसतात किंवा पडदा उजळतच नाही. भिंतीतील प्लगला महागडा 'सर्ज' बोर्ड लावलेला असतो आणि तो शाबूत असतो. मग वीज आली कुठून, असा प्रश्न मालकाला पडतो. बहुतेक वेळा तिची वाट गच्चीवरून खाली आलेल्या डिशच्या केबलमधून असते. विजेचा लोळ थेट डिशवरच पडावा लागतो असेही नाही. जवळपासच्या झाडावर किंवा खांबावर वीज पडली, तरी लांब केबलमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊ शकतो.

मावळात या प्रश्नाला जमिनीचीही जोड आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. कोरड्या कातळातून वीज सहजी जमिनीत मुरत नाही. लोणावळ्याचा पाऊस प्रसिद्ध असला, तरी विजांचा कडकडाट प्रामुख्याने एप्रिल-मेमध्ये होतो आणि नेमकी तेव्हाच जमीन सर्वांत कोरडी असते. पावसाळ्यात तपासलेले अर्थिंग उत्तम ठरते आणि उन्हाळ्यात तेच निकामी होते, ते यामुळे.

तुंगार्लीतील एखादा दुमजली बंगला नजरेसमोर आणावा. गच्चीवर लोखंडी पाइपाला डिश, तेथून केबल दिवाणखान्यात. केबल जोडणाऱ्या कारागिराने डिशसाठी बागेत एक वेगळी सळई ठोकून दिली आहे. घराच्या विजेचे अर्थिंग मात्र मीटरजवळच्या खड्ड्यात, दुसऱ्या टोकाला. वरवर पाहता व्यवस्था चोख वाटते. पण कातळातील त्या सळईचा रोध ५० ओहम धरला आणि विजेच्या प्रवाहापैकी केवळ १,००० अँपिअर तिच्यातून गेले, तरी डिशची बाजू घराच्या अर्थिंगपेक्षा ५०,००० व्होल्टने वर चढते. विजेचा पूर्ण प्रवाह तर अनेकदा याच्या कित्येक पट असतो. हा फरक भरून निघण्यासाठी वीज जी वाट शोधते, ती सेट-टॉप बॉक्स आणि टीव्हीमधून जाते. म्हणजे वेगळी सळई संरक्षण देण्याऐवजी टीव्हीलाच पूल बनवते.

उपाय सळया वाढविण्यात नाही, दोन्ही अर्थिंग एकमेकांना जोडण्यात आहे. दोन्ही बाजू एकत्र वर चढल्या, तर टीव्हीच्या दोन टोकांतील फरक बराच कमी होतो. त्यासाठी डिशच्या पाइपापासून तांब्याची किमान १६ चौरस मिलिमीटर जाडीची तार बाहेरच्या भिंतीवरून, शक्य तितकी सरळ खाली आणावी व घराच्या मुख्य अर्थिंगला जोडावी. तारेला गुंडाळ्या किंवा काटकोनी वळणे नकोत, कारण विजेचा झटका अशा वळणांवर अडखळतो आणि बाजूला उडी मारतो. केबल घरात शिरते त्या जागी तिचे बाहेरचे जाळीदार वेष्टन धातूच्या 'ग्राउंडिंग ब्लॉक'मध्ये घेऊन तेथूनही किमान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार त्याच अर्थिंगला न्यावी. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

त्याहून सोपा उपाय मात्र सहसा कोणाला सुचत नाही. जुन्या अँटेनाला उंची लागे, कारण त्याला दूरच्या मनोऱ्याकडे पाहायचे असे. डिशला उंचीची गरज नाही. तिचे उपग्रह येथून आग्नेयेकडे, आकाशात बरेच वर आहेत. त्या बाजूची झाडे आड येत नसतील, तर डिश गच्चीवरून उतरवून भिंतीवर लावता येते. छताच्या कडेपासून दोन मीटरहून अधिक खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असलेल्या डिशच्या पाइपाला वेगळ्या अर्थिंगची सक्ती आंतरराष्ट्रीय मानकही करीत नाही. केबलचे वेष्टन मात्र तरीही जोडलेले असावे.

व्यवस्था बिघडल्याची खूण ओळखता येते. सेट-टॉप बॉक्सची केबल काढताना बोटांना मुंग्या आल्या, तर अर्थिंग तुटलेले असण्याची किंवा मुळातच नसण्याची शक्यता असते. अशा वेळी आधी प्लग काढावा आणि मगच केबलला हात लावावा. खड्ड्याचा रोध 'अर्थ टेस्टर'नेच समजतो, साध्या टेस्टरचा दिवा तो सांगू शकत नाही. ही मोजणी मे महिन्यात, पाऊस पडण्यापूर्वी करावी.

एवढे करूनही थेट डिशवर पडलेल्या विजेपुढे टीव्ही वाचेलच, असे नाही. त्यामुळे बंगला बंद करून जाताना विजेचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवणे उरतेच. केबलचे मोकळे टोक टीव्हीमागे गुंडाळून न ठेवता त्यापासून दूर ठेवावे. घरात असल्यास पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप विजेची आगाऊ सूचना देते. ढग आधीच माथ्यावर आले असतील, चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा केबल काढण्याची वेळ टळून गेलेली असते. टीव्हीपासून दूर बसावे.