आजचे कर्ज, उद्याचा कर

नेपोलियनशी झालेल्या युद्धांनी ब्रिटन कर्जात बुडाले होते. त्या पार्श्वभूमीवर १८२० मध्ये डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'च्या पुरवणीसाठी एक लेख लिहिला आणि त्यात एक हिशेब मांडला.

समजा, युद्धाला दोन कोटी पौंड लागणार आहेत. सरकार तेवढा कर एकदम वसूल करू शकते. किंवा ५ टक्क्यांनी कर्ज काढून दरवर्षी दहा लाख पौंड व्याज देऊ शकते. पण तेही करातूनच येणार. ज्याच्या वाट्याला एकदम हजार पौंड कर आला असता, त्याला आता दरवर्षी पन्नास पौंड भरावे लागतील. त्याने वाचलेले हजार पौंड त्याच दराने गुंतवले, तर व्याज पन्नासच येते आणि ते करात जाते. तो श्रीमंतही झाला नाही, गरीबही नाही.

पण करदाता मेला तर? उरलेला भार पुढच्या पिढीवर पडेलच. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट बॅरो यांनी १९७४ मध्ये याला उत्तर दिले: मुलांची काळजी असणारे आईवडील तेवढी जास्त पुंजी त्यांच्यासाठी मागे ठेवतील. तसे झाले, तर सरकारने कर्ज काढून करात दिलेली सवलत लोक पूर्णपणे शिल्लक टाकतील. बाजारातली मागणी वाढणार नाही, व्याजदरही हलणार नाहीत. मात्र हा दावा सरकारी खर्च ठरलेला आहे असे धरूनच केलेला आहे. खर्चाने काहीच बदलत नाही, असे तो म्हणत नाही. पैसा कुठल्या वाटेने उभा केला, त्याने फरक पडत नाही, एवढेच म्हणतो.

खुद्द रिकार्डोचा मात्र लोकांवर तेवढा भरवसा नव्हता. दरवर्षीचे पन्नास पौंड हे एकरकमी हजारांइतकेच जड आहेत, हे माणसाला पटवणे कठीण, असे त्यानेच लिहून ठेवले आहे.

पुढे याची चाचणी घेण्याची संधी आली. २००१ मध्ये अमेरिकेने बहुतेक करदात्यांना ३०० किंवा ६०० डॉलरचे धनादेश पाठवले. कोणाला कधी मिळणार, हे सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून, म्हणजे जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखे, ठरले. त्यामुळे आधी आणि नंतर पैसे मिळालेल्या कुटुंबांची तुलना करता आली. अभ्यासकांना दिसले, की कुटुंबांनी पहिल्या तीन महिन्यांतच या रकमेचा २० ते ४० टक्के भाग किराणा, कपडे अशा रोजच्या गोष्टींवर खर्च केला. ज्यांच्या हाताशी शिल्लक कमी होती, त्यांनी अधिक.

यातून सिद्धान्ताची मर्यादा कळते. ज्याला बँक स्वस्तात कर्ज देत नाही, त्याला सरकारने मिळवून दिलेली सवड म्हणजे खरीच मदत असते. उद्याचा कर त्यालाही चुकत नाही; पण त्याची नड आजची असते.