चॅनलचं नाव बदललं, जुन्या व्हिडिओंचं काय?

यूट्यूबवर नाव बदलणारे काही कमी नाहीत. आजचा 'कॅरीमिनाटी' एकेकाळी 'कॅरीदेओल' होता आणि 'मिस्टरबीस्ट'च्या नावापुढे पूर्वी ६००० हा आकडा असायचा. स्टुडिओत जाऊन नवं नाव टाइप करायला एक मिनिट लागतं. पण मागे शेकडो व्हिडिओ पडलेले असतात. त्यांच्या शीर्षकांत, प्लेलिस्टमध्ये आणि हॅशटॅगमध्ये जुनं नाव तसंच राहतं, आणि खरं काम तिथे असतं.

कल्पनेतलं एक चॅनल घेऊ. रेसिपीचं, नाव 'फोडणी', चारशे व्हिडिओ. मालकीणबाईंना आता पारंपरिक पदार्थांकडे वळायचंय, म्हणून नवं नाव ठरलं 'पाटा-वरवंटा'. त्यांच्या जवळजवळ प्रत्येक शीर्षकाचा शेवट '| फोडणी' असा आहे. उदाहरणार्थ, 'अळूवडी सुटू नये म्हणून काय करावं | फोडणी'.

स्टुडिओत 'कंटेंट'च्या यादीत व्हिडिओंवर खुणा केल्या की 'एडिट'मधून सगळ्यांची शीर्षकं एकदम बदलता येतात. तिथे 'शोधा आणि बदला' अशी सोय आहे. बाईंनी 'फोडणी' शोधून त्याजागी 'पाटा-वरवंटा' घालायला सांगितलं, तर यंत्र इमानेइतबारे तेच करेल. मग 'फोडणीचा भात'चा 'पाटा-वरवंटाचा भात' होईल आणि 'फोडणीची पोळी'सुद्धा त्याच वाटेने जाईल. हा बदल एका टिचकीत मागे घेता येत नाही. एकेक शीर्षक उघडून हाताने दुरुस्त करावं लागतं. म्हणून नुसता शब्द शोधायचा नाही, आधीच्या उभ्या रेघेसकट '| फोडणी' एवढा तुकडा शोधायचा. सगळ्या व्हिडिओंना हात लावण्याआधी चार-पाचांवर करून बघायचं, आणि त्या चार-पाचांत फोडणीचा भात असलाच पाहिजे. त्याहूनही आधी सगळ्या शीर्षकांची आणि वर्णनांची नक्कल एखाद्या एक्सेलच्या तक्त्यात ठेवायची. गुगलच्या 'टेकआउट'मधून व्हिडिओंची ही माहिती उतरवून घेता येते.

जुनं नाव निघालं, त्याजागी काय घालायचं? बहुतेक जण नवं नाव घालतात. माझ्या मते चॅनलचं नाव शीर्षकात नसावंच. ते यूट्यूब व्हिडिओसोबत आपणहून दाखवतं. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाइलवर त्यातलंही शेपूट कापलं जातं. त्या जागी पदार्थाचं दुसरं प्रचलित नाव घातलं तर शोधणाऱ्याला ते सापडेल. शिवाय उद्या पुन्हा नाव बदलावंसं वाटलं तर हाच उद्योग पुन्हा करावा लागणार नाही. आणि ज्या शीर्षकांत जुनं नाव नव्हतंच, त्यांना हात लावू नका. चांगलं चाललेलं शीर्षक 'आता बदलतोच आहोत तर' म्हणून बदलण्यात काही हशील नाही.

शीर्षक किंवा वर्णन बदललं तरी व्हिडिओचा पत्ता, बघणाऱ्यांचा आकडा आणि प्रसिद्धीची तारीख तशीच राहते. सबस्क्रायबरला त्याची सूचनाही जात नाही, त्यामुळे चारशे घंटा वाजतील ही भीती नको. गोंधळ उडतो तो वेगळ्या ठिकाणी. सकाळी मोबाइल उघडल्यावर आपण कधी निवडलंच नाही असं वाटणारं नाव आणि अनोळखी चिन्ह समोर येतं, तेव्हा माणूस 'हे कोण?' म्हणत सबस्क्रिप्शन काढून टाकतो. म्हणून नाव आणि चिन्ह एकाच दिवशी बदलू नये. चिन्ह ओळखीचं असेपर्यंत नवं नाव पचतं. बदलाच्या आठवडाभर आधी एका व्हिडिओत नवं नाव तोंडाने सांगावं, नंतरच्या काही व्हिडिओंच्या सुरुवातीला आठवण करून द्यावी.

जुन्या व्हिडिओतला आवाज मात्र बदलत नाही. 'नमस्कार, फोडणीमध्ये स्वागत' हे वाक्य तिथे कायमचं आहे, कारण चढवलेल्या व्हिडिओच्या जागी दुसरा ठेवता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे वर्णनात एक ओळ: 'या चॅनलचं पूर्वीचं नाव फोडणी.' सगळ्या वर्णनांच्या सुरुवातीला ती एका झटक्यात घालता येते, पण तसं करू नये. वर्णनाच्या पहिल्या ओळीच न उलगडता दिसतात. तिथे चारशे वेळा तेच वाक्य असेल तर पदार्थाची माहिती खाली ढकलली जाते. जे पंधरा-वीस व्हिडिओ अजून रोज पाहिले जातात तिथे ती ओळ वर ठेवा आणि पिन केलेल्या कमेंटमध्येही लिहा. बाकीच्यांत ती शेवटी चालेल.

प्लेलिस्टचं काम हातानेच करावं लागतं, पण त्या मोजक्याच असतात. 'फोडणी स्पेशल : उपवासाचे पदार्थ' यातला पहिला तुकडा काढला की झालं. फक्त जुनी प्लेलिस्ट उडवून नवी करू नका. नाव बदललं तरी प्लेलिस्टचा पत्ता तोच राहतो. उडवली, तर कुणी नात्यातल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली लिंक मरते.

हॅशटॅगची गोष्ट वेगळी आहे. #फोडणी ही काही बाईंची मालमत्ता नव्हती; त्यावर टिचकी मारली की दुसऱ्यांचेही व्हिडिओ येतात. जुन्या व्हिडिओंवर तो राहिला तर कुणाचं बिघडत नाही, त्या वाटेने एखादा पाहुणा येईलच. मात्र वर्णनातले जास्तीत जास्त तीनच हॅशटॅग शीर्षकाजवळ दिसतात. ज्या मोजक्या व्हिडिओंची वर्णनं आपण उघडणारच आहोत, त्यांत पदार्थाचा आणि नव्या नावाचा हॅशटॅग आधी ठेवा. सापडतील तेवढे कोंबण्यात अर्थ नाही. एका व्हिडिओवर ६० पेक्षा जास्त झाले तर यूट्यूब त्यातला एकही धरत नाही.

इथे हमखास एक गोष्ट राहून जाते. सेटिंग्जमध्ये 'अपलोड डिफॉल्ट्स' असतात. नव्या व्हिडिओत आपोआप भरला जाणारा मजकूर तिथे साठवलेला असतो. तो बदलला नाही तर नाव बदलल्यानंतर महिन्याभराने चढवलेल्या व्हिडिओतही #फोडणी झळकतो, आणि मग सबस्क्रायबर खरंच बुचकळ्यात पडतो.

@ लावून येणारं हँडल बदलणार असाल तर जुनं हँडल यूट्यूब १४ दिवस तुमच्यासाठी राखून ठेवतं. तेवढ्या काळात जुना आणि नवा दोन्ही पत्ते चालतात. म्हणजे इन्स्टाग्रामच्या पानावर, पाकिटांवर, व्हिजिटिंग कार्डावर `@fodni` लिहिलं असेल तर ते बदलायला दोन आठवडे आहेत. UC ने सुरू होणारा चॅनलचा मूळ पत्ता मात्र कधीच बदलत नाही. छापील गोष्टींवर क्यूआर कोड देताना तोच वापरलेला बरा. चॅनलचं नावही १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं. 'पाटा-वरवंटा (पूर्वीचं फोडणी)' असं काही दिवस ठेवून नंतर कंस काढायचा विचार असेल तर तो दुसरा बदल धरला जातो. नावापुढे पडताळणीची टिकली असेल तर नाव बदलताच ती जाते आणि पुन्हा अर्ज करावा लागतो. म्हणून टिकली असलेल्यांनी कंसाच्या भानगडीत पडू नये. अर्ज एकदाच, अंतिम नावावर करावा.

सगळं झाल्यावर अॅनालिटिक्समध्ये दोन गोष्टी बघा. यूट्यूबवर काय शोधून लोक आले, त्या यादीत 'फोडणी' अजून वर आहे का? असेल तर जुन्या नावाची ओळ वर्णनांतून काढायची वेळ आलेली नाही. दुसरं, सोडून गेलेल्या सबस्क्रायबरांचा आकडा नेहमीपेक्षा फुगला आहे का आणि कोणत्या दिवशी फुगला? तो नाव बदललेल्या दिवशी वाढला असेल तर नाव तोंडाने सांगायला तुम्ही कमी पडलात. शीर्षकं बदलल्यावर एखाद्या चालत्या व्हिडिओकडे शोधातून येणारे लोक आटले आणि काही आठवड्यांतही परतले नाहीत, तर तक्ता उघडा आणि त्या एका व्हिडिओचं जुनं शीर्षक खुशाल परत लावा.