दोन छेद पाच : चिंतनपर निबंधाचे पुनर्लेखन

चिंतनपर निबंध हा व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांतला नेहमीचा लेखनप्रकार आहे. परिचर्येच्या विद्यार्थ्यांना तो रुग्णालयातील कामानंतर लिहावा लागतो, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यानंतर आणि शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना शाळेतल्या आंतरवासितेनंतर. मागणी सगळीकडे सारखीच असते: आलेला अनुभव सांगा आणि वर्गात शिकलेल्या सिद्धांताशी तो जोडा. पहिले काम बहुतेकांना जमते. दुसरे राहून जाते किंवा शेवटच्या परिच्छेदात उरकले जाते. मग निबंध परत येतो आणि समासात शेरा असतो, ‘वर्णन झाले, विश्लेषण कुठे आहे?’

या शेऱ्यानंतर काय करायचे, हे एका नमुन्यावरून पाहता येईल. चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक-शिक्षण पदवीला असलेल्या एका विद्यार्थिनीने आंतरवासितेत पाचवीच्या वर्गावर अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ घेतला, असे समजू. तिच्या पहिल्या खर्ड्यातला मुख्य भाग असा आहे:

‘सकाळी मी थोडी घाबरलेच होते. पाठटाचण दोनदा वाचले. वर्गात गेल्यावर मुलांनी उभे राहून नमस्कार केला. मी फळ्यावर १/२ + १/३ हे उदाहरण लिहिले. एका मुलाने लगेच २/५ असे उत्तर दिले. मी त्याला चूक समजावून सांगितली आणि समच्छेद करून ५/६ हे उत्तर काढून दाखवले. मुलांनी वहीत उतरवून घेतले. त्यानंतर मी त्याच प्रकारचे उदाहरण दिले, तर त्या मुलाने पुन्हा आधीसारखीच चूक केली. मला वाईट वाटले. पण या पाठातून मला खूप शिकायला मिळाले. व्हायगॉट्स्की यांच्या मते मूल सामाजिक आंतरक्रियेतून शिकते. माझ्या पाठातही आंतरक्रिया झाली.’

लेखन प्रामाणिक आहे, भाषाही बरी आहे. अडचण कळण्यासाठी एक सोपी परीक्षा पुरते. सिद्धांताची वाक्ये झाकून उरलेला मजकूर वाचायचा. इथे व्हायगॉट्स्कींची दोन वाक्ये काढली, तरी निबंधात काहीच कमी होत नाही. उलट घटनेचा भाग झाकला, तर ती दोन वाक्ये इतर कोणाच्याही निबंधात, विज्ञानाच्या किंवा इतिहासाच्या पाठाखालीही, चालून जातील. म्हणजे अनुभव आणि सिद्धांत एकाच कागदावर आहेत, पण त्यांचा एकमेकांशी व्यवहार झालेला नाही.

नेव्हिल हॅटन आणि डेव्हिड स्मिथ यांनी ऑस्ट्रेलियातील भावी शिक्षकांचे असेच लेखन तपासून १९९५ मध्ये त्याचे चार प्रकार मांडले. पहिल्यात निव्वळ घटना येते. दुसऱ्यात घटनेला कारण दिलेले असते, पण बहुधा एकच आणि लेखकाला सोयीचे. तिसऱ्यात लेखक स्वतःशी वाद घालतो, दुसरी शक्यता तपासतो. चौथ्यात घटनेमागची सामाजिक परिस्थितीही विचारात येते. वरचा खर्डा पहिल्या प्रकारात बसतो. पदवीच्या निबंधाला एकदम चौथा प्रकार गाठायचा नसतो. तिसऱ्यापर्यंत पोचला तरी काम झाले. चौथ्याची हौस बाळगून अपूर्णांकांच्या पाठातून थेट शिक्षणव्यवस्थेवर टीका करणारे निबंधही लिहिले जातात, आणि ते पहिल्या प्रकाराइतकेच पोकळ निघतात.

पुनर्लेखनाचे पहिले काम म्हणजे कोड्याची जागा शोधणे. जॉन ड्यूई यांनी १९१० साली ‘हाऊ वी थिंक’ या पुस्तकात मांडले, की विचाराची सुरुवात अडखळण्यातून, संभ्रमातून होते. निबंधातही सिद्धांताला आत यायला तिथेच वाट असते. खर्ड्यात सकाळची भीती आहे, नमस्कार आहे, वहीत उतरवणे आहे. यांत कोडे नाही. कोडे एकाच ठिकाणी आहे: बरोबर रीत दाखवून झाल्यावरही त्या मुलाने तीच चूक का केली? विद्यार्थिनीने हे वाक्य लिहिले आणि त्यावर ‘मला वाईट वाटले’ एवढेच म्हणून ती पुढे गेली. पुनर्लिखित निबंध या वाक्याभोवती उभा राहायला हवा. आधीचा मजकूर दोन-तीन ओळींत आटोपला तरी चालतो.

दुसरे काम संकल्पना निवडण्याचे. इथे प्रश्न ‘कोणाचे नाव टाकू?’ असा नसून ‘या कोड्याला कोणती संकल्पना उत्तर देते?’ असा असतो. चूक पुन्हा होणे याचा अर्थ ती निष्काळजीपणाची नव्हती. मुलाकडे काहीतरी नियम होता. त्याने वरचे अंक मिळवले, खालचे अंक मिळवले. पूर्ण संख्यांच्या बेरजेत वर्षानुवर्षे जे चालले तेच त्याने अपूर्णांकांवर चालवले. ज्यां पियाजे यांच्या सिद्धांतात याला नाव आहे: सात्मीकरण, म्हणजे नव्या अनुभवाला जुन्या बोधात्मक संरचनेत बसवणे. ती संरचनाच बदलावी लागते तेव्हा समायोजन होते. आणि जुन्या संरचनेत न बसणारी विसंगती मुलाला स्वतःला जाणवली, म्हणजे त्याचे संतुलन ढळले, तर समायोजनाची गरज निर्माण होते.

हे लक्षात आले की पाठाकडे परत पाहता येते, आणि तेव्हा खर्ड्यात नसलेली एक गोष्ट दिसते. २/५ हे अर्ध्यापेक्षा कमी आहे. अर्ध्यात काहीतरी मिळवले आणि उत्तर अर्ध्यापेक्षा लहान आले! कागदाची पट्टी घडी घालून दाखवली असती, तर ही विसंगती मुलाच्या डोळ्यांसमोर आली असती. विद्यार्थिनीने मात्र विसंगती दाखवली नाही, नवी रीत दाखवली. मुलाच्या दृष्टीने आता दोन रीती झाल्या, एक स्वतःची आणि एक मॅडमची. मॅडमची वहीत गेली, स्वतःची जागची हलली नाही.

सिद्धांत कामाला लागला की असे घडते: घटनेतल्या ज्या तपशिलाकडे लक्ष नव्हते तो पुढे येतो आणि ज्याला महत्त्व दिले होते तो मागे सरतो. तोच परिच्छेद आता असा लिहिता येतो:

‘मी समच्छेदाची रीत दाखवल्यानंतरही त्याने पुढच्या उदाहरणात अंशात अंश आणि छेदात छेद मिळवले. मी हे विसरणे समजत होते. पण दोन्ही वेळा चूक एकाच नियमाने झाली होती. पियाजे यांच्या भाषेत तो अपूर्णांकांचे पूर्ण संख्यांच्या संरचनेत सात्मीकरण करत होता. माझ्या स्पष्टीकरणाने त्या संरचनेला धक्का लागला नाही, कारण २/५ हे १/२ पेक्षा लहान आहे याकडे मी त्याचे लक्ष वेधलेच नाही. मी उत्तर दुरुस्त केले. ज्या नियमातून ते आले, त्याला हात लावला नाही.’

यात पियाजे यांचे नाव एकदाच येते आणि व्याख्या उतरवलेली नाही. तरीही संकल्पना काढली तर परिच्छेद कोसळतो. शेवटचे वाक्य पहिल्या खर्ड्यात लिहिताच आले नसते.

तिसरे काम बरेचदा गाळले जाते: आपल्याच स्पष्टीकरणावर शंका घेणे. वरचा अर्थ एकमेव आहे का? मुलाचा नियम अगदीच निरर्थकही नाही. दोन चेंडूंपैकी एकावर चौकार मारला आणि पुढच्या तीनपैकी एकावर, तर पाच चेंडूंपैकी दोनांवर चौकार गेला हे हिशेबाने बरोबर आहे. मुलाच्या डोक्यात ‘इतक्यांपैकी इतके’ असा अर्थ असेल, तर त्याला नियम चुकीचा आहे असे सांगण्याऐवजी तो इथे का लागू नाही हे दाखवावे लागेल. दुसरी शंका व्हायगॉट्स्कींच्या बाजूने येते. समीपस्थ विकास क्षेत्र म्हणजे मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, यांतले अंतर. ही संकल्पना वापरायची, तर नेमकी मदत काय मिळाली हे सांगावे लागते. इथे मदत मिळालीच नव्हती, प्रात्यक्षिक मिळाले होते. म्हणजे पहिल्या खर्ड्यात ज्याला आंतरक्रिया म्हटले होते, ती आंतरक्रिया होती का हाच प्रश्न आहे. व्हायगॉट्स्की आता शोभेचे राहत नाहीत. ते निबंधाच्या आधीच्या दाव्याला आव्हान देतात. मुलाला टप्प्याटप्प्याने आधार देण्याची ‘स्कॅफोल्डिंग’ ही कल्पना मात्र वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखातून रूढ झाली. विद्यार्थी ती सर्रास व्हायगॉट्स्कींच्या नावावर टाकतात आणि परीक्षकाच्या नजरेत ते लगेच भरते.

दोन विचारवंत हजार शब्दांना पुरेत. चौथे नाव आले की प्रत्येकाच्या वाट्याला एक वाक्य येते आणि लेखन पुन्हा यादीकडे घसरते.

ग्रॅहम गिब्ज यांचे १९८८ चे चक्र अनेक महाविद्यालये आराखडा म्हणून देतात: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृतियोजना. त्याचा धोका असा, की सहा पायऱ्यांना सारखी जागा दिली जाते. मग विश्लेषणाच्या वाट्याला जेमतेम दीडशे शब्द येतात आणि भावनांनाही तेवढेच. हजार शब्दांच्या निबंधात वर्णन पाव हिश्श्यात संपावे आणि निम्मा मजकूर विश्लेषणाचा असावा, हे प्रमाण बरे. भावना गाळायच्या नाहीत, त्यांनाही कामाला लावायचे. ‘मला वाईट वाटले’ याऐवजी ‘त्याने पुन्हा चूक केली तेव्हा मी चिडले, कारण समजावून सांगितले म्हणजे समजलेच पाहिजे असे मी धरून चालले होते’ असे लिहिले, की भावनेखालचे गृहीतक वर येते, आणि त्याची तपासणी सिद्धांताने करता येते.

पुनर्लेखनात एक मोहही असतो. सिद्धांत सापडल्यावर घटना त्याच्या मापाची करावीशी वाटते. मुलगा काय म्हणाला हे आठवत नसताना त्याच्या तोंडी सोयीचे वाक्य घातले जाते, किंवा पुढच्या तासाला त्याला सगळे समजल्याचा गोड शेवट जोडला जातो. यावर उपाय म्हणजे आंतरवासितेची दैनंदिनी. त्याच दिवशी लिहिलेली टिपणे आणि मुलाच्या वहीतले उदाहरण हाच पुरावा. टिपणात जे नाही ते ‘मी त्याला विचारले नाही, त्यामुळे तो कसा विचार करत होता हे माझे अनुमान आहे’ असे स्पष्ट लिहावे. परीक्षकाला हे वाक्य उणीव वाटत नाही. मुलाचे खरे नाव आणि शाळेची ओळख अर्थातच कुठेच येऊ नये.

शेवटचा परिच्छेद कृतीचा असतो. ‘यापुढे मी अधिक तयारी करीन’ हे कोणत्याही पाठाला चिकटते, म्हणून ते कोणत्याच पाठाचे नसते. वरच्या विश्लेषणातून निघणारी कृती वेगळी आहे: चुकीचे उत्तर आल्यावर आधी ‘हे कसे काढलेस?’ असे विचारणे आणि मग ‘तुझे उत्तर अर्ध्यापेक्षा मोठे आहे की लहान?’ असा दुसरा प्रश्न करणे. पट्टीचे सहा सारखे भाग करून तीन आणि दोन भाग रंगवायला देणे. पुढच्या पाठात १/४ + १/२ हे उदाहरण देऊन कोणाचे उत्तर पुन्हा २/६ येते ते पाहणे.