सूर्यनमस्कारातील दोन दुखणी : समज आणि वस्तुस्थिती

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्याचा हिरिरीने प्रसार केला, त्या सूर्यनमस्कारात गुडघे न वाकविता तळहात जमिनीस टेकलेच पाहिजेत, असा एक हुकूम आपल्याकडे रूढ आहे. आणि शरीराच्या दोन तक्रारींचे मूळ पुष्कळदा त्या हट्टात सापडते.

समजा, शहाद्याचा एखादा मध्यमवयीन शिक्षक नित्यनेमाने नमस्कार घालतो आणि काही महिन्यांनी, बसताना जे हाड बाकाला टेकते नेमके तेथेच, बोट ठेवून दाखविता येईल असे त्याला दुखू लागते. धडगावच्या घाटातून एस.टी.ने जाऊन उतरताना तर ठणका असह्य होतो. शीर आखडली, असा निदानाचा शेरा मारून तो अधिकच ओणवा होतो. वस्तुस्थिती अशी की, मांडीमागच्या स्नायूची कंडरा त्याच हाडाला जडलेली असते व ओणवे होताना ती ताणली तर जातेच, शिवाय हाडावर दाबलीही जाते. म्हणूनच ताण दिल्यावर घटकाभर बरे वाटून दुसऱ्या सकाळी दुखणे वाढले, तर कसूर आखडण्याची नसून अतिताणाची आहे, असे समजावे.

मग सर्वस्वी विश्रांती घ्यावी, हा दुसरा समज. पण कंडरा बळकट होते ती बेताचा भार पेलूनच. उताणे निजून, गुडघे वाकवून, कंबर उचलून सेतुबंधासनात 30 ते 45 सेकंद स्थिर राहावे, दोन मिनिटे विसावा घ्यावा, असे चार-पाच वेळा, एक दिवसाआड करावे. दुखणे सौम्य राहून दुसऱ्या सकाळपर्यंत निवले, तर भार योग्य. मग टाचा हळूहळू पुढे सरकवाव्या. तूर्त पश्चिमोत्तानासन वर्ज्य करावे, आणि नमस्कारात गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून हात खुर्चीच्या बैठकीवर टेकावे. यास तीन ते सहा महिन्यांची मुदत सहज लागते.

दुसरे दुखणे मनगटाचे; त्याची कथा त्या मानाने सोपी आहे. हात टेकून देह फळीसारखा धरला की मनगट जवळजवळ काटकोनात मागे वळते, आणि सारा भार तळव्याच्या मुळाशी साचतो. बोटे पसरून तर्जनीच्या मुळाशी दाब द्यावा, तळव्याच्या मुळाखाली घोंगडीची घडी ठेवावी, म्हणजे कोन कमी होतो. तरीही दुखले तर कोपरापासूनचा हात टेकावा किंवा हात भिंतीवर ठेवूनच आसन करावे. अशा आधारांना कमीपणा मानणाऱ्यांनी पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे पट्टे, विटा, खुर्च्या आठवाव्या.

मात्र मांडीमागे 'कट्' असा आवाज होऊन काळे-निळे पडले, बोटांना सतत मुंग्या आल्या, किंवा तोल जाऊन हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळगीत दाबून दुखले, तर वैद्यकीय तपासणीस विलंब करू नये; त्या खळगीतल्या लहानशा हाडाचा भंग पहिल्या क्ष-किरण चित्रात कित्येकदा दिसतच नाही, म्हणून दुखणे टिकल्यास दहा-बारा दिवसांनी पुन्हा चित्र काढून घ्यावे लागते.