तालमीची रजा

पुण्यात पुरुषोत्तम करंडकाचे दिवस आले की एकांकिकेतली मुलं तासांना दिसेनाशी होतात. प्रयोग एकाच दिवसाचा, तालमी मात्र कित्येक दिवसांच्या. हजेरीची खरी गळती तिथेच होते.

सत्रात एका विषयाचे 40 तास धरले, तर 75 टक्के हजेरीसाठी 30 लागतात. आधीच सहा बुडाले असतील, तर हातात उरतात फक्त चार.

म्हणून अर्ज तालमींआधीच द्यावा. ‘काही दिवस सवलत मिळावी’ एवढ्यावर सर सही कशी करणार? तारीख, तास, बुडणारं प्रॅक्टिकल लिहावं. सांस्कृतिक विभागाच्या शिक्षकांचं पत्र जोडावं. ‘सर, मंगळवारचं प्रॅक्टिकल गुरुवारच्या बॅचबरोबर करू का?’ असं विचारलं, की सरांना लगेच उत्तर देता येतं.