एका सेलवरची सावली

गच्चीवर 300 वॅटची दहा पॅनेल एका तारेत जोडली आहेत. प्रत्येकी 30 व्होल्ट, प्रवाह 10 अँपिअर, म्हणजे भर उन्हात 3000 वॅट. आता टाकीच्या पाइपची सावली एका पॅनेलमधल्या एकाच सेलच्या अर्ध्या भागावर पडली, तर काय होईल?

पॅनेलमधले 60 सेल आणि पुढे दहाही पॅनेल एकामागोमाग जोडलेले असल्याने सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. सावलीतला सेल जेमतेम 5 अँपिअर देतो. बायपास डायोड नसेल, तर सगळी साखळी जवळपास तेवढ्यावरच अडते आणि उत्पादन साधारण 1500 वॅटवर येते. जास्त प्रवाह रेटला, तर तो सेल वीज द्यायचे सोडून खाऊ लागतो, तापतो आणि तिथे पॅनेल करपू शकते.

डायोड हा प्रवाहाला दिलेला वळणरस्ता. पॅनेलमागच्या जंक्शन बॉक्समध्ये ते तीन असतात, प्रत्येकी 20 सेलसाठी एक. अडलेला गट वगळला जातो. 10 व्होल्ट आणि डायोडचा अर्धा व्होल्ट जातो. तरीही सुमारे 2895 वॅट मिळतात, म्हणजे तोटा साडेतीन टक्के.

पण सावली कशी पडते, तेही पाहावे लागते. असे पॅनेल उभे लावले आणि कठड्याची सावली खालच्या संपूर्ण ओळीवर आली, तर तिन्ही गट अडतात आणि पूर्ण पॅनेल जाते. तेच आडवे लावले, तर बहुधा एकच गट जातो.